धागा : तिमाही निकालाचा चार ओळींत सारांश – माझं नेमकं कुठे चुकतंय?

मृण्मयी_कोथरूड

बाबा आणि त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मित्रांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. अकराजण, सगळे निवृत्त. प्रत्येकाकडे थोडे थोडे शेअर. त्यांच्यासाठी मी दोन वर्षांपासून मोठ्या कंपन्यांच्या तिमाही निकालाचा मराठीत सारांश लिहिते. साचा ठरलेला आहे : महसूल किती, नफा किती, मागच्या वर्षीपेक्षा काय बदललं, पुढे कंपनी काय म्हणते. चार ओळींपुढे ते वाचत नाहीत, आणि त्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

१८ एप्रिल २०२४ ला इन्फोसिसचा निकाल आला तेव्हा मी लिहिलं होतं : "महसूल ३७,९२३ कोटी. नफा ७,९६९ कोटी, ३० टक्के वाढ." सगळे खूश झाले. एका काकांनी त्या जोरावर आणखी शेअर घेतले.

१७ एप्रिल २०२५ च्या निकालावर मी लिहिलं : "महसूल ४०,९२५ कोटी. नफा ७,०३३ कोटी, जवळजवळ १२ टक्के घट." काकांचा लगेच फोन. "एका वर्षात एवढं काय बिघडलं गं?" मला उत्तर देता आलं नाही. महसूल तर ७.९ टक्के वाढलाय. आकडे मी कंपनीच्याच पीडीएफमधून घेतले होते, दोनदा तपासले होते. एकही आकडा चुकीचा नाही, तरी सारांश वाचून माणसाचा गैरसमज होतो, हे मला फार लागलं आहे. यात चूक कुठे झाली ते कुणी समजावून सांगेल का?

भास्कर_शारजा

माझ्याकडे इन्फोसिसचे ६० शेअर आहेत. मग विकायचे की ठेवायचे? कृपया लवकर सांगा.

मृण्मयी_कोथरूड

दादा, प्रश्न तो नाही. निकालाचा सारांश कसा लिहायचा एवढंच विचारते आहे. घ्या-विका असं मी बाबांच्या गटावरही लिहीत नाही.

रोखठोक_नाशिक

ताई, सोपं आहे. त्या वर्षी इन्फोसिसला आयकर खात्याकडून ६,३२९ कोटींचा परतावा मिळणार होता. मार्च २०२४ च्या शेवटी कंपनीने शेअर बाजाराला तसं कळवलं होतं. तोच पैसा नफ्यात दिसला. तो वजा करा, खरा नफा कळेल. म्हणून मी म्हणतो, नफ्याकडे बघूच नका, एकूण उत्पन्न बघा. 'टोटल इन्कम'ची ओळ खोटं बोलत नाही.

ताळेबंद

रोखठोक, परताव्याचा धागा तुम्ही बरोबर पकडलात, पण पुढच्या दोन्ही गोष्टी चुकल्या. मी बरीच वर्षं लेखापरीक्षणाच्या कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ६,३२९ कोटी वजा करून बघा. ७,९६९ मधून गेले की उरतात १,६४०. आदल्या तिमाहीत याच कंपनीचा नफा ६,१०६ कोटी होता. तीन महिन्यांत तो १,६४० वर आला असता तर बाजारात हाहाकार झाला असता. म्हणजे वजाबाकीतच काहीतरी चुकलं आहे. परताव्यातला मोठा भाग म्हणजे कंपनीने पूर्वी भरलेला आणि नंतर जास्तीचा ठरलेला कर. स्वतःचे पैसे परत आले म्हणून नफा होत नाही. शेजाऱ्याला दिलेले उसने पैसे परत मिळाले तर तुम्ही ते कमाई म्हणून लिहीत नाही, तसंच. नफ्यात येतं ते फक्त त्यावरचं व्याज, आणि कर भरावा लागेल म्हणून बाजूला काढून ठेवलेली जी रक्कम आता लागणार नाही ती.

हे दोन आकडे कुठे मिळतात? निकालाच्या तक्त्यात नाहीत. तक्त्याखाली बारीक अक्षरात टिपा असतात, तिथे. त्या टिपेत म्हटलं होतं की जुन्या वर्षांच्या कर-आकारणीचे आदेश कंपनीच्या बाजूने लागले, त्यामुळे १,९३३ कोटींचं व्याज, करापूर्वीचं, उत्पन्नात धरलं आणि ५२५ कोटींची कराची तरतूद परत फिरवली.

व्याजावर साधारण पाव भाग कर धरा. १,९३३ चे उरतात अंदाजे १,४५०. त्यात ५२५ मिळवा. म्हणजे दोन हजार कोटींच्या जरा आत रक्कम त्या एका तिमाहीच्या नफ्यात वरून आली होती. ती काढली की ७,९६९ चे होतात सुमारे ६,०००. वर्षापूर्वीचा नफा ६,१२८ होता. म्हणजे तुम्ही लिहिलेली ३० टक्के वाढ प्रत्यक्षात दोन टक्क्यांची घट होती.

पुढच्या वर्षीची १२ टक्के घट हे त्याचंच प्रतिबिंब. २०२५ चा ७,०३३ चा आकडा फुगलेल्या ७,९६९ शी ताडून पाहिला म्हणून तो पडलेला दिसतो. काकांना सांगा, एका वर्षात काही बिघडलं नाही. आदल्या वर्षी जे भरभरून दिसत होतं, ते तसं नव्हतं.

मृण्मयी_कोथरूड

वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. ती टीप माझ्यासमोर होती. मी तक्ता संपला की पीडीएफ बंद करते.

एक विचारते. तक्त्यात 'एक्सेप्शनल आयटम्स' म्हणजे अपवादात्मक बाबींची ओळ असते ना? असं काही घडलं तर ते तिथे दिसायला नको का? मी ती ओळ दरवेळी बघते. इन्फोसिसच्या तक्त्यात तसं काहीच नव्हतं.

ताळेबंद

फार नेमका प्रश्न. कधी दिसतं, कधी नाही. हिंदुस्थान युनिलिव्हरने 'प्युअरइट' हा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा धंदा विकला, तेव्हा डिसेंबर २०२४ च्या तिमाहीत त्याचा फायदा अपवादात्मक बाबींच्या ओळीत वेगळा दाखवला होता. तिथे तुमची पद्धत चालली असती. इन्फोसिसचं व्याज मात्र 'अदर इन्कम' म्हणजे इतर उत्पन्नात बसलं. त्यात कुणी काही लपवलं असं नाही. व्याज हे इतर उत्पन्नच असतं आणि टिपेत सगळं लिहिलेलं होतं. पण अपवादात्मक बाबींची ओळ रिकामी आहे एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही, हे लक्षात ठेवा.

ओळखण्याची खूण सांगतो. इतर उत्पन्नाची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. मार्च २०२४ ला २,७२९ कोटी, मार्च २०२३ ला ६७१ कोटी. धंदा सव्वा टक्का वाढला आणि इतर उत्पन्न चौपट झालं. असं दिसलं की थांबायचं आणि टिपा उघडायच्या.

रोखठोक, 'टोटल इन्कम'ही यामुळेच फसवतं. त्यात महसूल आणि इतर उत्पन्न यांची बेरीज असते. मार्च २०२४ ला ती ४०,६५२ होती, वर्षापूर्वी ३८,११२. वाढ दिसते साडेसहा टक्क्यांच्या वर. नुसता महसूल पाहिला तर ३७,४४१ चे ३७,९२३, म्हणजे १.३ टक्के. महसुलासाठी 'रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स' हीच ओळ घ्यायची.

रोखठोक_नाशिक

बेरीज करून पाहिली. मान्य. गेली कित्येक वर्षं मी टोटल इन्कमच बघत होतो.

पण मग तो नफा खोटा होता असंच म्हणायचं ना?

ताळेबंद

नाही. पैसा खरा आहे, भागधारकांचाच आहे. त्या निकालाबरोबर कंपनीने २० रुपये अंतिम लाभांश आणि त्यावर ८ रुपये विशेष लाभांश जाहीर केला होता. प्रश्न एवढाच की तो पैसा दर तिमाहीला येणार नाही. म्हणून वाढ मोजताना तो बाजूला ठेवायचा.

ओवी_हिंजवडी

ताळेबंद काका, तुमची आकडेमोड पटली, पण मृण्मयीताईने ती सारांशात घालावी का? ६,००० हा आकडा कंपनीच्या कागदात कुठेच छापलेला नाही. कर पाव भाग धरला तो आपण. उद्या कुणी विचारलं की हा आकडा आणला कुठून, तर ती काय दाखवणार? मला वाटतं छापलेला आकडा द्यावा आणि शेजारी एक वाक्य : "यात करपरताव्यावरचं १,९३३ कोटींचं व्याज धरलेलं आहे." निष्कर्ष वाचणाऱ्याने काढावा.

ताळेबंद

ओवी, तुमचा मुद्दा चुकीचा नाही. पण निवृत्त माणूस व्हॉट्सॲपवर बसून १,९३३ मधून कर वजा करणार नाही. "३० टक्के वाढ" एवढंच त्याच्या डोक्यात राहणार आणि शेजारचं वाक्य विरून जाणार.

मधला एक मार्ग आहे, आणि त्यात कराचा अंदाज करावाच लागत नाही. धंद्यातला नफा काढायचा. करापूर्वीचा नफा घ्या, त्यातून इतर उत्पन्न वजा करा आणि व्याजखर्च परत मिळवा. तिन्ही ओळी छापील तक्त्यात आहेत. मार्च २०२४ साठी : १०,२४० वजा २,७२९ अधिक ११०, म्हणजे ७,६२१ कोटी. मार्च २०२३ साठी : ८,४६६ वजा ६७१ अधिक ८२, म्हणजे ७,८७७. तीन टक्क्यांची घट. मार्च २०२५ ला हाच आकडा ८,५७५ येतो, म्हणजे वर्षभरात साडेबारा टक्के वाढ.

आता दोन्ही वर्षांचे मथळे आठवा. ज्या वर्षी "३० टक्के वाढ" होती तेव्हा धंद्यातला नफा घटला होता, आणि "१२ टक्के घट" होती तेव्हा तो चांगला वाढला होता.

ओवी_हिंजवडी

हे आवडलं. कुणी विचारलं तर तीन ओळींवर बोट ठेवून दाखवता येईल.

तरी ६,००० बद्दलची माझी शंका जात नाही. त्या हिशोबाने २०२५ चा निव्वळ नफा १७ टक्के वाढला असं म्हणावं लागेल. पण मार्च २०२५ च्या तिमाहीतही करपरताव्याचं थोडं व्याज होतंच, आदल्या वर्षीपेक्षा बरंच कमी, तरी होतं. मग तेही काढा. एकदा शुद्ध करायला बसलं की कुठे थांबायचं?

ताळेबंद

ते खरं आहे. म्हणूनच मी १७ हा आकडा लिहिला नाही. निव्वळ नफ्यातून किती गोष्टी काढायच्या यावर हिशोबवाल्यांचंही एकमत होत नाही.

इचलकरंजीचा_दत्ता

मी शांतपणे वाचत होतो. माझ्याकडे जास्त करून बँकांचे शेअर आहेत. हीच रीत लावून इतर उत्पन्न वजा केलं तर एका बँकेचा नफाच जवळजवळ संपला! रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स नावाची ओळही सापडली नाही. कुठे चुकलो?

ताळेबंद

दत्ताभाऊ, बँकेला ही रीत लावू नका. बँकेचा तक्ताच वेगळा असतो. तिथे मिळालेलं व्याज आणि दिलेलं व्याज यातला फरक हा धंद्याचा कणा. इतर उत्पन्नात शुल्क, कमिशन असं रोजच्या धंद्यातलंच बरंच काही असतं, ते वजा केलं तर बँकेवर अन्याय होतो. आणि नफा वरखाली होतो तो बुडीत कर्जांसाठी केलेल्या तरतुदींमुळे, त्या ओळीपाशी थांबावं लागतं. वेगळा धागा काढा, तिथे एखादा निकाल घेऊन बसू.

इचलकरंजीचा_दत्ता

काढतो. आभारी आहे.

मृण्मयी_कोथरूड

नफ्याचं समजलं. आता 'बदल' या ओळीबद्दल. माझ्याकडे दोन आकडे असतात : मागच्या वर्षीच्या याच तिमाहीशी तुलना आणि लगेच आधीच्या तिमाहीशी तुलना. मार्च २०२५ ला महसूल वर्षात ७.९ टक्के वाढला पण आधीच्या तिमाहीपेक्षा २ टक्के घटला. दोन्ही दिले की गटावर गोंधळ होतो.

ओवी_हिंजवडी

माझ्या मते मुख्य ओळीत फक्त वर्षाची तुलना द्या. पंखे किंवा एसी विकणाऱ्या कंपनीची जूनची तिमाही सप्टेंबरशी ताडली तर दरवर्षी कंपनी कोसळल्यासारखी दिसेल, कारण उन्हाळा संपलेला असतो. आधीच्या तिमाहीचा आकडा तेव्हाच द्या जेव्हा त्यातून काही वेगळं कळतं. मार्च २०२४ चा निकाल घ्या. तेव्हा महसूल आधीच्या तिमाहीपेक्षा २.३ टक्के घटला होता आणि कंपनीने कारण सांगितलं होतं की वित्तक्षेत्रातल्या एका ग्राहकाबरोबरचा करार नव्याने ठरला, त्याचा एकदाच बसणारा फटका आहे. असं कारण असेल तर एक वाक्य खर्च करायला हरकत नाही.

आमच्या क्षेत्रातल्या कंपन्यांची आणखी एक गंमत आहे. कमाई डॉलरमध्ये, हिशोब रुपयांत. २०२४-२५ या पूर्ण वर्षात इन्फोसिसचा महसूल रुपयांत ६.१ टक्के वाढला, पण चलनांचे दर बदललेच नाहीत असं धरून मोजलं तर ४.२ टक्के. मधला फरक चलनाच्या दरांचा. कामाची वाढ ४.२ टक्क्यांत दिसते. आणि कंपनी पुढच्या वर्षाचा अंदाज देते तो याच स्थिर चलनाच्या हिशोबात. ताई, तुम्ही ६.१ टक्के वाढ लिहिली आणि खाली पुढचा अंदाज ० ते ३ टक्के लिहिला, तर वाचणाऱ्याला दरी आहे त्यापेक्षा मोठी वाटेल. दोन वेगळ्या मापट्यांनी मोजलेलं धान्य आहे ते.

मृण्मयी_कोथरूड

मी अगदी हेच लिहिलं होतं. ६.१ आणि खाली ० ते ३.

रोखठोक_नाशिक

पुढच्या अंदाजाची ओळ तर गाळूनच टाका. कंपन्या काय, गोड गोडच बोलणार.

ताळेबंद

इथे मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. अध्यक्षांच्या मनोगतातली विशेषणं गाळाच. "भक्कम", "आश्वासक" हे शब्द निकाल वाईट असला तरी येतात. पण आकड्यातला अंदाज गाळू नका, फक्त एकटा देऊ नका. मी इन्फोसिसचे अंदाज वहीत उतरवून ठेवले आहेत, ते बघा.

२०२३-२४ साठी सुरुवातीला ४ ते ७ टक्के वाढ सांगितली. जुलैत ती १ ते साडेतीनवर आणली, ऑक्टोबरात १ ते अडीच, जानेवारीत दीड ते दोन. प्रत्यक्षात झाली १.४.

२०२४-२५ साठी सुरुवात १ ते ३ ने केली. जुलैत ३ ते ४, ऑक्टोबरात पावणेचार ते साडेचार, जानेवारीत साडेचार ते पाच. झाली ४.२.

एका वर्षी अंदाज पायरीपायरीने उतरला, दुसऱ्या वर्षी चढला. आणि दोन्ही वर्षी जानेवारीत, जेव्हा वर्षाचे तीनच महिने उरले होते, दिलेल्या अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षाही प्रत्यक्ष वाढ कमी भरली. हे कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त बोलतं. म्हणून "पुढे" या ओळीत तीन गोष्टी असाव्यात : आत्ताचा अंदाज, मागच्या वर्षी याच वेळी दिलेला अंदाज, आणि तेव्हा प्रत्यक्षात काय झालं. "कंपनी म्हणते" हे शब्द मात्र सोडायचे नाहीत. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं मृण्मयीच सांगते आहे.

ओवी_हिंजवडी

काका, एक भर घालते. जुलै २०२४ ला अंदाज वाढवला त्यात जर्मनीतल्या इन-टेक या विकत घेतलेल्या कंपनीची कमाईही धरलेली होती. म्हणजे तेव्हाची सगळी चढण आहे त्याच धंद्यातून आलेली नव्हती.

ताळेबंद

हे मी वहीत नोंदवलं नव्हतं. आज लिहून ठेवतो. त्यातला किती भाग विकत घेतलेला आणि किती स्वतःचा, हे निकालाच्या तक्त्यावरून वेगळं करता येत नाही. विश्लेषकांबरोबरच्या बैठकीचा वृत्तांत वाचावा लागेल.

मृण्मयी_कोथरूड

रात्री बसून मार्च २०२५ च्या निकालाचा सारांश पुन्हा लिहिला. बघता का?

"इन्फोसिस, जानेवारी ते मार्च २०२५ (उपकंपन्यांसह).
महसूल ४०,९२५ कोटी, वर्षापूर्वीपेक्षा ७.९ टक्के जास्त.
धंद्यातला नफा ८,५७५ कोटी, साडेबारा टक्के जास्त. निव्वळ नफा ७,०३३ कोटी. तो १२ टक्के घटलेला दिसतो, कारण गेल्या वर्षी याच तिमाहीत करपरताव्यावरचं १,९३३ कोटींचं व्याज एकदाच मिळालं होतं.
पुढच्या वर्षी ० ते ३ टक्के वाढ होईल असं कंपनी म्हणते, चलनाचे दर स्थिर धरून. गेल्या एप्रिलमध्ये १ ते ३ म्हटलं होतं, झाली ४.२, त्यात विकत घेतलेल्या कंपनीचाही वाटा आहे."

ताळेबंद

छान उतरलंय. एकच दुरुस्ती. "कारण" या शब्दाने असं वाटतं की सगळी घट फक्त व्याजाची आहे. ५२५ कोटींची करतरतूदही होती. "मुख्यतः" घाला. आणि "उपकंपन्यांसह" लिहिलंत ते फार चांगलं केलंत, एकाच पीडीएफमध्ये दोन्ही तक्ते असतात आणि अनेकजण एका ओळीसाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा वापरतात.

ओवी_हिंजवडी

जानेवारीत साडेचार ते पाच सांगून ४.२ भरली, ते का नाही घातलं? मला तीच सगळ्यात महत्त्वाची माहिती वाटते.

मृण्मयी_कोथरूड

घातलं होतं, मग काढलं. पाचवी ओळ होत होती, आणि बाबा म्हणाले की त्याने काका घाबरून विकतील. मला अजून ठरवता आलेलं नाही. २०२४ चा जुना सारांश मात्र आज सकाळी दुरुस्त करून गटावर पुन्हा टाकला, वर "हे मी चुकीचं समजावलं होतं" असं लिहून. काकांचा फोन आला. त्यांना आता त्यांच्या दुसऱ्या दोन कंपन्यांच्या टिपा वाचून हव्या आहेत, रविवारी पीडीएफ छापून घेऊन येणार आहेत.

भास्कर_शारजा

म्हणजे ६० शेअर ठेवू ना?

ताळेबंद

भास्करराव, ते इथे कुणी सांगू नये आणि कुणी सांगितलं तर ऐकू नये. सल्ला हवा असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा. पण जाताना मृण्मयीताईंच्या त्या चार ओळी घेऊन जा आणि त्याला विचारा, ४.२ मधले विकत घेतलेल्या कंपनीचे किती.